वजा एक किती उंचावर?

माझ्या भाचीला मी पाठवलेली गणिताची पहिली ओळ अशी होती:

```
tn = arn-1
```

माझ्या संगणकावर ती अशी दिसत नव्हती. तिथे n छोटा होऊन t च्या पायाशी बसला होता आणि n-1 छोटा होऊन r च्या डोक्यावर. वहीत होतं तसंच मी सजवलं होतं. पण ते उचलून मेसेजमध्ये चिकटवल्यावर सजावट मागे राहिली आणि फक्त अक्षरं पुढे गेली. उंची हा अक्षराचा भाग नसतो, ती फाइलीने अक्षराला दिलेली सजावट असते. साध्या मजकुरात सगळी अक्षरं एकाच पाटावर येऊन बसतात. भाचीचा फोन आला, "मावशी, हे 'आर्न वजा एक' काय आहे?"

भाची कळव्याला राहते, मी नौपाड्यात. ती अकरावी कॉमर्सला आहे, गणित विषय तिने हट्टाने घेतला आहे आणि तिला जन्मापासून दिसत नाही. ठाण्यातल्या तिच्या कॉलेजात सर फळ्यावर लिहितात, शेजारी बसणारी मैत्रीण वहीत उतरवते आणि संध्याकाळी त्या पानांचे फोटो पाठवते. ते फोटो पाहून टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत तीस वर्षं आकड्यांत काढली आहेत आणि घरात माझाच हात कीबोर्डवर सगळ्यांत भराभर चालतो. मी टाइप केलेलं ती लॅपटॉपवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरकडून वाचून घेते. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ते 2006 साली सुरू केलं.

समीकरणं चित्रासारखी मांडणारी सोय वर्डमध्ये आहे आणि ती वाचून दाखवण्याचे मार्गही आहेत. पण भाचीला नुसतं ऐकायचं नव्हतं. तिला त्याच ओळीखाली स्वतःची पुढची पायरी लिहायची होती, मैत्रिणीला मेसेजमध्ये शंका विचारायची होती, एक्सेलमध्ये आकडे घालून पाहायचे होते. या तिन्ही ठिकाणी चालेल असं एकच लिखाण आहे: एका ओळीतलं, साध्या कळांनी टाइप केलेलं. म्हणून ठरलं की घातासाठी `^`, पायाशी बसणाऱ्या अक्षरासाठी `_`, भागाकाराला `/` आणि गुणाकाराला `*`.

दुसऱ्या दिवशी मी तेच पान पुन्हा टाइप केलं. धडा भूमिती श्रेढीचा होता, कॉलेजात ज्याला सगळे जीपी म्हणतात. पानाच्या माथ्यावर चौकटीत दोन सूत्रं होती: एक n वं पद काढायचं, दुसरं पहिल्या n पदांच्या बेरजेचं. मी लिहिलं:

```
t_n = ar^n-1
S_n = a(r^n-1)/r-1
```

दोनच ओळी असल्यामुळे भाचीने बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे जात त्या ऐकल्या आणि सरांनी दिलेलं पहिलं उदाहरण घेतलं: पहिलं पद 2, सामाईक गुणोत्तर 3. श्रेढी सोपी आहे, 2, 6, 18, 54. चौथं पद 54 आणि चार पदांची बेरीज 80, हे तिला तोंडीच येत होतं. माझ्या सूत्राने चौथं पद आलं 161 आणि बेरीज आली 52.33.

"मावशी, मी तीनदा केलं. तू पाठवलेलं सूत्र चुकलंय."

मी फोटो समोर धरून म्हटलं, "अगं, वहीत आहे तसंच आहे. r, वर n, मग वजा एक."

"वजा एक कुठे आहे? वर की खाली?"

मी फोटो मोठा करून पाहिला आणि तिथे मला या सगळ्या कामातली मेख कळली. त्या चौकटीत वजा एक तीनदा आला होता. पहिल्या सूत्रात तो n च्या शेजारी, वर, घाताच्या उंचीवर होता. दुसऱ्या सूत्राच्या अंशात तो r च्या ओळीत, म्हणजे खाली उतरून आला होता. तिथे घात फक्त n आहे आणि r च्या n व्या घाताचं जे उत्तर येतं त्यातून एक वजा करायचा आहे. तिसरा वजा एक भागाकाराच्या रेषेखाली, छेदात होता. कागदावर या तिघांचा अर्थ त्यांच्या जागेवरून कळतो. मी मात्र तिघांनाही सारखंच लिहिलं होतं.

एका ओळीत लिहिलेलं गणित वाचायचा क्रम ठरलेला आहे: आधी घात, मग गुणाकार-भागाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी. त्यामुळे `ar^n-1` म्हणजे "r चा n वा घात, त्याला a ने गुणा, मग एक वजा करा." 2 × 81 − 1 = 161. भाचीने अगदी बरोबर केलं होतं. `a(r^n-1)/r-1` मध्ये छेदात नुसता r राहिला आणि शेवटचा वजा एक रेषेखालून निसटून बाहेर आला: 160 भागिले 3, वजा 1, म्हणजे 52.33. कागदावरची भागाकाराची रेषा एकाच वेळी दोन कामं करते. ती भागा म्हणते, आणि माझ्या वरचं सगळं एक, खालचं सगळं एक, असंही म्हणते. `/` हे चिन्ह फक्त पहिलं काम करतं. दुसऱ्या कामासाठी कंस घालावेच लागतात. घाताचंही तसंच: वर चढलेलं जर एकाहून जास्त चिन्हांचं असेल, तर त्याला कंसात बांधूनच वर न्यायचं. मोकळी जागा सोडून काही साधत नाही. `r^n -1` किंवा `r^ n-1` असं लिहिलं तरी गणिताच्या क्रमाला त्या जागेशी देणंघेणं नाही.

```
t_n = a*r^(n-1)
S_n = a*(r^n - 1)/(r - 1)
```

a आणि r मध्ये ताराही टाकला. कागदावर शेजारी लिहिलं की गुणाकार होतो, पण स्क्रीन रीडर `ar` हा एक शब्द समजून उच्चारतो. 'आर्न' तिथूनच आलं होतं.

माझ्या समजुतीने काम झालं होतं. पूर्ण पान या पद्धतीने टाइप केलं आणि पाठवलं. तासाभराने भाची म्हणाली, "कंस कुठे घातलेस? मला एकही ऐकू येत नाहीये."

रविवारी कळव्याला जाऊन तिच्या शेजारी बसले आणि मीही ऐकलं. एका झटक्यात पूर्ण ओळ वाचताना आवाज येत होता तो असा काहीसा: टी एन इक्वल्स ए स्टार आर एन वन. कंस गप्प, वजाही गप्प. आदल्या दोन ओळी तिने अक्षर-अक्षर ऐकल्या होत्या आणि तसं ऐकताना प्रत्येक चिन्हाचा उच्चार होतो. ओळ सलग वाचताना मात्र कोणती चिन्हं बोलायची याच्या पातळ्या असतात. इतिहासाचा किंवा मराठीचा धडा ऐकताना दर कंसाला "लेफ्ट पॅरन" ऐकून जीव नको होतो, म्हणून नेहमीच्या पातळीवर कंस आणि आडवी रेघ बोलली जात नाही, आणि भाचीची पातळी तीच होती. एनव्हीडीए कळ धरून P दाबत गेलं की पातळी बदलते. गणिताला बसताना ती आता आधी ती कळ दाबून सगळ्यांत वरची पातळी लावते. पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो आपले कंस पुन्हा पुन्हा तपासत बसेल आणि ते तर बरोबरच असतील.

आता कंस ऐकू येऊ लागले आणि त्याचा भारही कळला. तीन कंस एकात एक असले की शेवटी "राइट पॅरन, राइट पॅरन, राइट पॅरन" असं येतं आणि कुठला कुणाचा हे कानाला लागत नाही. डोळा मागे जाऊन जोडी शोधू शकतो. कानाला ते लक्षात धरून चालावं लागतं. त्यामुळे गरज नाही तिथे कंस घालायचा नाही हेही तितकंच पाळावं लागतं. `(a)*((r)^(n))` असं सावधपणे लिहिलेलं चूक नाही, पण ऐकणाऱ्याला ते छळतं. माझी कसोटी अशी ठरली: कंस काढला आणि उत्तर बदललं तरच तो हवा.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली की शाळेत ब्रेलमध्ये गणित करताना असं कधीच व्हायचं नाही. तिने नेमेथ कोडमध्ये गणित शिकलं होतं. अब्राहम नेमेथ हे स्वतः अंध असलेले अमेरिकन गणितज्ञ. त्यांचा कोड 1952 सालचा. त्यात अपूर्णांक सुरू झाल्याची एक खूण असते आणि संपल्याची वेगळी. घात सुरू झाला की "आता वर" अशी खूण आणि तो संपला की "पुन्हा मूळ ओळीवर" अशी खूण येते. ती मला बोटाने मेजावर ठिपके दाखवत होती. `r^n - 1` मध्ये n नंतर मूळ ओळीवर आल्याची खूण, मग वजा एक. `r^(n-1)` मध्ये वजा एक झाल्यावर ती खूण. माझा बंद होणारा कंस त्याच खुणेचं काम करतो, हे तिने सांगितल्यावर मला कंस घालणं जास्त स्वाभाविक वाटू लागलं.

फोटोंविषयी सांगायचं तर पहिले दोन आठवडे माझा निम्मा वेळ त्यात गेला. मैत्रीण फोटो मेसेजमध्ये तसाच पाठवायची, त्यात तो दाबला जाऊन लहान होतो आणि पहिला बळी जातो पायाशी बसलेल्या छोट्या अक्षरांचा. t_n आणि t_m मधला फरक पुसला जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो. हे तिला सांगितल्यावर निम्मा त्रास संपला. उरलेला त्रास वहीच्या रेघांचा. रेघी वहीत मुलं भागाकाराची रेषा नेमकी छापील रेघेवर मारतात. फोटोत दोन्ही एक होतात आणि अपूर्णांक दिसायचा थांबतो. वर एक ओळ, खाली एक ओळ, जणू दोन वेगळ्या पायऱ्या. अशा वेळी मी "बरोबर"चं चिन्ह शोधते. पायरी असेल तर तिच्या सुरुवातीला `=` असतं. ते दोन ओळींच्या मधोमध असेल तर तो अपूर्णांक आहे.

अक्षरांचं म्हणाल तर या धड्यात S आणि 5, t आणि अधिकचं चिन्ह या दोन जोड्यांनी मला सर्वांत जास्त फसवलं. "S_n" ला मी "5n" वाचलं की पुढची ओळ जुळतच नाही, त्यामुळे ते लगेच पकडलं जातं. पुढची ओळ हाच सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार आहे. वहीत कुणी एकच ओळ लिहून थांबत नाही. खाली तीच गोष्ट थोडी सोडवून पुन्हा लिहिलेली असते. वजा एक वर आहे की खाली हे एका ओळीत कळत नसेल तर खालच्या ओळीत बहुधा कळतं.

ते कळलं तरी मी आकडे घालून पाहिल्याशिवाय पान पाठवत नाही. पद्धत साधी आहे: कागदावरचं सूत्र डोळ्याने वाचून हाताने उत्तर काढायचं, मग टाइप केलेली ओळ एक्सेलमध्ये घालून उत्तर पाहायचं. A1 मध्ये a, B1 मध्ये r, C1 मध्ये n ठेवले की बेरजेचं सूत्र असं होतं:

```
=A1*(B1^C1-1)/(B1-1)
```

यात कोणते आकडे घ्यायचे याला महत्त्व आहे, आणि ते मी एका चुकीतून शिकले. एका फोटोत पानाच्या दुमडीखाली छेदातला `r - 1` गेला होता. मला अपूर्णांक आहे हेच कळलं नाही, मी `S_n = a*(r^n - 1)` एवढंच टाइप केलं. तपासायला सोपे म्हणून a = 1, r = 2, n = 3 घेतले. उत्तर 7. वहीतल्या उदाहरणातही 1 + 2 + 4 म्हणजे 7. मी निर्धास्त पाठवून दिलं. r = 2 घेतल्यावर r - 1 म्हणजे 1, आणि एकाने भागलं काय न भागलं काय! छेद पूर्ण गायब असूनही तपासणी पास झाली. 2 या आकड्याचा आणखी एक धोका आहे: 2 अधिक 2, 2 गुणिले 2 आणि 2 चा वर्ग, तिन्ही 4. घात उतरून गुणाकार झाला तरी 2 ते सांगत नाही. 0 आणि 1 तर बहुतेक चुका झाकतात. तेव्हापासून मी a = 5, r = 3, n = 4 घेते. श्रेढी 5, 15, 45, 135, बेरीज 200. सूत्रातून 5 × 80 / 2, तेही 200. छेद हरवला असता तर 400 आले असते.

गुणोत्तर अपूर्णांक असेल तर तोही विचार करून निवडते. `(1/2)^n` आणि `1/2^n` यांचं उत्तर एकच येतं, कारण एकाचा कितवाही घात एकच. `(2/3)^n` मध्ये n = 3 घेतला तर 8/27 येतात; कंस विसरून `2/3^n` लिहिलं तर 2/27. म्हणून कंसाची परीक्षा घ्यायला 1/2 उपयोगाचं नाही, 2/3 घ्यावं. ऋण गुणोत्तराला कंस नेहमीच घालते, `(-3)^4` असा. `-3^2` हे एक्सेल 9 मानतं आणि गणिताच्या पुस्तकात ते −9 असतं. कंस घातला की वादच राहत नाही.

आता ते पान, ज्याला मी एक अख्खी संध्याकाळ दिली. प्रश्न होता: एका भूमिती श्रेढीत S_6 भागिले S_3 बरोबर 28, तर r काढा. मैत्रिणीने वहीत S_6 च्या जागी त्याचं पूर्ण सूत्र लिहिलं होतं आणि S_3 च्या जागी त्याचं. दोन्ही सूत्रं स्वतःच अपूर्णांक. म्हणजे अपूर्णांकाच्या डोक्यावर अपूर्णांक, चार मजली इमारत. तिच्यात तीन आडव्या रेषा, आणि मुख्य रेषा कोणती हे फक्त लांबीवरून ओळखायचं. फोटोत ती लांब मधली रेषा छापील रेघेत मिसळून गेली होती. मला चार ओळी एकाखाली एक दिसत होत्या, आणि मी तशाच क्रमाने भागाकार लावला:

```
a*(r^6-1)/(r-1)/a*(r^3-1)/(r-1)
```

a = 5, r = 3 घालून पाहिलं. आलं 4732. यायला हवे होते 28. कारण शोधायला वेळ लागला, पण ते एकदा दिसल्यावर विसरत नाही. डावीकडून उजवीकडे जाताना पहिला भाग ठीक होतो: 5 × 728 / 2 = 1820, हेच S_6. मग `/a` ने 5 ने भागलं, 364. आणि मग `*(r^3-1)` आलं, म्हणजे ज्याने भागायचं त्याने गुणलं. तिरकी रेषा आपल्या लगेच उजवीकडच्या एकाच गोष्टीला छेद मानते. तिच्या पुढचा तारा पुन्हा वर चढतो. S_3 एकसंध खाली ठेवायचा तर त्याला पूर्ण बांधावं लागेल:

```
(a*(r^6-1)/(r-1)) / (a*(r^3-1)/(r-1)) = 28
```

1820 भागिले 65, बरोबर 28. ओळ गणिताने निर्दोष झाली. पण मी ती मोठ्याने वाचून पाहिली आणि कानाला ती भिंतीसारखी वाटली. बारा वेळा पॅरन. म्हणून भाचीला दोन तुकडे करून पाठवलं, वरच्याला एक नाव, खालच्याला एक:

```
P = a*(r^6 - 1)/(r - 1)
Q = a*(r^3 - 1)/(r - 1)
P/Q = 28
```

वहीत P आणि Q नव्हते. ते माझे, हे मी ओळीखाली मराठीत लिहिलं, नाहीतर परीक्षेत तिने ते सरांचं म्हणून लिहिलं असतं. बाकीचं तिने एका दमात केलं: a आणि r - 1 दोन्हीकडचे गेले, `r^6 - 1` चे अवयव `(r^3 - 1)*(r^3 + 1)`, उरलं `r^3 + 1 = 28`, r म्हणजे 3. ती म्हणाली की तुकड्यांत ऐकलं म्हणून तिला P आणि Q ची शेपूट सारखी आहे हे ऐकतानाच कळलं, आणि चार मजली ओळीत ते तिच्या लक्षात आलं नसतं. तेव्हापासून एका ओळीत इतके कंस आले की मी तुकडे करते.

पायाशी बसणाऱ्या अक्षरांचीही तीच कथा. वहीत सामाईक गुणोत्तराची व्याख्या होती, n+1 व्या पदाला n व्या पदाने भागायचं. मैत्रिणीच्या अक्षरात +1 इतकं मोठं होतं की ते पायाशी आहे की ओळीत, फोटोवरून सांगता येत नव्हतं. `t_n + 1/t_n` की `t_(n+1)/t_n`? इथे आकडे लगेच उत्तर देतात. 2, 6, 18, 54 मध्ये n = 3 घेतला तर दुसऱ्या वाचनाने 54 भागिले 18, म्हणजे 3; n बदलला तरी 3 च. पहिल्या वाचनाने 18 अधिक 1/18, आणि ते दर पदाला बदलतं. सामाईक गुणोत्तर बदलून कसं चालेल? म्हणून कंस घातला. `_` च्या पुढे एकाहून जास्त चिन्हं असली की कंस, हा घाताचाच नियम इथे खाली लागू होतो.

पण प्रत्येक वेळी आकडे निकाल देत नाहीत. कधी दोन्ही वाचनांना अर्थ असतो. तिथे मी अंदाज बांधत नाही, चौकटी कंसात लिहिते: [फोटोत स्पष्ट नाही, घात n किंवा n-1]. भाची दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारते. आणि वहीतच चूक असेल तर? एकदा वहीत `t_6 = a*r^6` होतं. सहाव्या पदात घात 5 हवा. माझी बोटं 5 कडे निघाली होती. मी 6 च टाइप केला आणि खाली लिहिलं: [वहीत 6 आहे, सूत्राने 5 येतो]. उतरवणारीने गुपचूप दुरुस्त्या केल्या तर तिची स्वतःची चूकही सरांच्या नावावर जाईल, आणि भाचीकडे ती पकडायला दुसरं काही साधन नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की फळ्यावर 5 होता, उतरवताना चुकला.

पाठवण्याबद्दल एक छोटी गोष्ट. मेसेजमध्ये दोन ताऱ्यांमध्ये अडकलेला मजकूर ठळक होतो आणि तारे नाहीसे होतात; दोन खालच्या रेघांमध्ये अडकलेला तिरका होतो. गुणाकार आणि t_n दोन्ही असे जाऊ शकतात. म्हणून मी नोटपॅडमध्ये `.txt` फाइल करून तीच जोडते, आणि प्रत्येक फाइलच्या माथ्यावर चार चिन्हांचा अर्थ आणि वहीच्या पानाचा क्रमांक लिहिते.

गेल्या महिन्यात काम उलट्या दिशेने आलं. भाचीने गृहपाठ स्वतः टाइप केला आणि मी तो सरांसाठी कागदावर उतरवून द्यायचा होता. तिची एक ओळ होती `S_n = 4*(1 - (2/3)^n)/(1 - 2/3)`. मी पेन घेऊन लांब रेषा मारली, वर 4 आणि मोठा कंस, कंसात छोटा 2/3 आणि त्याच्या कंसाच्या बाहेर, उंच, n. खाली 1 वजा 2/3. प्रत्येक चिन्ह कुठे बसवायचं याबद्दल मला एकदाही थांबावं लागलं नाही. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि वर्गात तिला विचारलं की हे कुणी सोडवलं. तिने सांगितलं, "मी सोडवलं, अक्षर मावशीचं."

आता डिटरमिनंट्सचा धडा सुरू झाला आहे. तीन ओळी, तीन स्तंभ, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा. हे एका ओळीत कोंबायचा मी प्रयत्न केला, तेव्हा भाचीनेच अडवलं. "मावशी, इथे एक ओळ नको. वहीतली एक आडवी ओळ म्हणजे माझी एक ओळ, आकड्यांमध्ये स्वल्पविराम. मी बाणाने खालीवर जाईन." काल रात्री तसंच पहिलं पान पाठवलं.